२५.९५ आलं कुठून?

मागच्या महिन्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास फोन टिंग झाला. आमच्याच बिल्डिंगमधली खालच्या मजल्यावरची मुलगी, यंदा दहावीला आहे. "काकू हे गणित सोडवून द्या ना प्लीज, उद्या सबमिट करायचंय, एकच राहिलंय." आणि त्याच्या खाली काहीच नाही. मला वाटलं फोटो अपलोड होत असेल, बाहेर पाऊस होता, आमच्याकडे पाऊस आला की नेटचं काही खरं नसतं, म्हणून मी गॅसवरचं दूध उतरवलं, ओटा पुसला, परत येऊन पाहिलं तरी तेवढंच. ना गणित, ना आकृती, ना एखादा आकडा, आणि उत्तर कशात हवंय तेही नाही. फक्त "हे गणित". तिच्या डोळ्यांसमोर ते वहीत उघडं पडलेलं होतं ना, त्यामुळे तिला ते मलाही दिसतंय असंच वाटत असणार. मुलांचं हे मी शाळेत शिकवायचे तेव्हापासून बघत आलेय. तासभर एकाच पानाशी झटापट केली की ते पान सगळ्या जगाला दिसतंय असं वाटायला लागतं.

अशा वेळी दोन गोष्टी लगेच कराव्याशा वाटतात. एक म्हणजे "फोटो पाठव" एवढं लिहून मोकळं व्हायचं. दुसरी जास्त मोहाची. दहावीचं पुस्तक मला जवळजवळ पाठ आहे, शाळेत सध्या काय चालू असेल याचाही अंदाज असतो, तर आपणच ओळखायचं आणि सोडवून टाकायचं. मी दोन्ही केलं नाही. विचारलं, "कुठला धडा? आणि तुझं उत्तर किती येतंय?"

पहिला प्रश्न कुणीही विचारेल. दुसरा मी मुद्दाम विचारते. ज्या मुलाने काहीच केलेलं नाही तो "काहीच येत नाही" म्हणतो आणि मग खरंच सुरुवातीपासून सुरू करावं लागतं. पण ज्याने खटपट केली आहे त्याच्याकडे एक आकडा असतो, आणि तो चुकीचा असला तरी त्यात गणिताचा बराचसा भाग शिल्लक असतो, आपल्याला तो उलटा वाचता आला पाहिजे एवढंच.

उत्तर आलं, "हाइट्स अँड डिस्टन्स. ६० डिग्री आहे आणि १५ मीटर." बस. तिच्या मते आता सगळं सांगून झालं होतं.

आता ६० अंश आणि १५ मीटर एवढ्यावर काय काय होऊ शकतं बघा. काटकोन त्रिकोण काढा, जमिनीवरचा कोन ६० चा. हे १५ म्हणजे जमिनीवरचं अंतर असेल तर टॉवरची उंची येते १५√३, म्हणजे जवळपास २६ मीटर, आणि त्याच त्रिकोणातली तिरकी बाजू येते बरोब्बर ३०. तेच १५ म्हणजे टॉवरची उंची असेल तर आपण उभे आहोत ते अंतर ५√३, साडेआठ मीटरच्या थोडं पुढे, आणि पतंगाचा दोरा असेल तर त्याची लांबी १०√३, सतरा मीटरच्या वर. आणि १५ ही शिडीची लांबी असेल तर शिडी भिंतीला १३ मीटरच्या किंचित खाली टेकते आणि तिचा पाय भिंतीपासून साडेसात मीटरवर असतो. म्हणजे सहा वेगवेगळी उत्तरं, आणि सहाच्या सहा आपापल्या जागी बरोबर. त्यात गणितात "शिडी भिंतीशी ६० अंशाचा कोन करते" असं असेल तर उंची आणि अंतर एकमेकांच्या जागा घेतात. आकडे तेच सहा, पण कुठला कशाचा ते उलटं होतं. हे सगळं मी अजून सरळ साध्या एका त्रिकोणाबद्दलच बोलतेय. झाड मोडून शेंडा जमिनीला टेकला, दीपगृहावरून दोन जहाजं दिसली, अशी गणितं आली की यादी आणखी लांबते.

म्हणजे आकडे दोन, आणि त्या दोन आकड्यांनी जवळजवळ काहीच ठरलं नव्हतं.

मला आमच्या भूमितीच्या बाई आठवल्या. पेठेतली शाळा, दगडी भिंती, पावसाळ्यात वर्गात ओल्या रेनकोटांचा आणि खडूचा मिळून एक वास यायचा. बाई फळ्यावर गणित लिहून द्यायच्या नाहीत, तोंडी सांगायच्या. दोनदा सांगायच्या, आणि दोन्ही वेळा पेन खाली ठेवलेलं पाहिजे असा नियम. मग म्हणायच्या, "आता आकृती." आकृती झाल्यावर पक्ष लिहायचा, म्हणजे दिलंय काय ते, मग साध्य, म्हणजे हवंय काय ते, आणि हे सगळं झाल्याशिवाय सिद्धतेचा स सुद्धा काढायचा नाही. आम्हाला ते फार कंटाळवाणं वाटायचं. दोन ओळींच्या उत्तरासाठी आठ ओळींची तयारी. पण बाई वह्या तपासताना खालची सिद्धता आधी वाचायच्याच नाहीत, आधी आकृती आणि पक्ष बघायच्या आणि तिथेच लाल पेन थांबायचं. "तुला गणित कळलंच नाहीये, मग सोडवलंस काय?" असं म्हणून वही परत. उत्तर बरोबर आलेलं असलं तरी! तेव्हा आम्हाला हा अन्याय वाटायचा. आता त्या रात्री फोन हातात धरून बसले होते तेव्हा मला कळत होतं की माझ्यासमोर जे नव्हतं ते नेमकं पक्ष, साध्य आणि आकृती हेच होतं, आणि बाई असत्या तर त्यांनी फोनसुद्धा परत पाठवला असता.

बाई कधीकधी लीलावतीतलं एखादं उदाहरण सांगायच्या, त्यातलं मोर आणि सापाचं मला फार आवडायचं. नऊ हात उंच खांब आहे, खांबाच्या बुडाशी बीळ आहे, वर मोर बसलाय. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे सत्तावीस हातांवरून, साप बिळाकडे येताना त्याला दिसतो. मोर तिरका झेप घेतो आणि सापाला पकडतो, दोघांनी कापलेलं अंतर सारखंच आहे, तर लवकर सांग, बिळापासून किती हातांवर गाठ पडली? भास्कराचार्यांनी हे ११५० च्या सुमाराला एका श्लोकात बसवलंय. आकृती नाही, पण श्लोक वाचता वाचता आपली आपण काढता येते. "किती हातांवर" असं विचारलंय म्हणजे उत्तर कशात द्यायचं तेही आलं, आणि "कुठून मोजायचं" तर बिळापासून, तेही आलं. उत्तर बारा. बिळापासून गाठ बारावर, तर सापाने कापले पंधरा हात, आणि मोराची झेप म्हणजे नऊ आणि बारा या बाजूंचा कर्ण, तोही पंधरा. बाई मग विचारायच्या, "यातले कुठले शब्द पुसले तर गणित मरेल?" आम्ही नऊ म्हणायचो, सत्तावीस म्हणायचो. बाई मान हलवायच्या. दोघांनी सारखंच अंतर कापलं, हे पुसून बघा. आकडे सगळे जागेवर आहेत आणि तरी मोर सापाला सत्तावीस हातांत कुठेही पकडू शकतो. आकडा नसलेली अट होती ती, आणि सगळं तिच्यावर टेकलेलं होतं.

तर परत मेसेजकडे. मी परत विचारलं, तुझं उत्तर? ती म्हणाली, "माझं २५.९५ येतंय पण मागे ५५.९५ दिलंय. तीनदा केलं."

हे वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसले, कारण आता खूप काही हातात आलं होतं. २५.९५ हा आकडा नुसता बघितला तरी बोलतो. १५√३ ची किंमत २५.९८ च्या आसपास येते, २५.९५ येत नाही. २५.९५ यायला √३ ची किंमत १.७३ धरावी लागते, १५ गुणिले १.७३ म्हणजे बरोबर २५.९५. म्हणजे गणिताच्या शेवटी कंसात √३ = १.७३ दिलेलं असणार, कारण मुलं आपणहून १.७३२ तरी घेतात नाहीतर कॅल्क्युलेटरवर जातात. आणि तिने गुणाकार केलाय, भागाकार नाही, म्हणजे तिने टॅन ६० वापरलाय आणि १५ ला जमिनीवरचं अंतर धरलंय. सहा शक्यतांपैकी पाच तिथल्या तिथे गळाल्या. शिडी नाही, दोरा नाही. तिने मला गणित सांगितलंच नव्हतं, पण तिच्या उत्तराने अर्धं सांगितलं.

मग राहिला फरक. ५५.९५ वजा २५.९५, बरोब्बर ३०. आणि वर मी म्हटलं तसं, १५ हे जमिनीवरचं अंतर आणि कोन ६० असेल तर तिरकी बाजू नेमकी ३० येते. मला लगेच मोडलेलं झाड दिसलं. वादळात झाड मोडलं, शेंडा बुंध्यापासून १५ मीटरवर जमिनीला टेकला, जमिनीशी कोन ६० अंशाचा, तर झाडाची मूळ उंची किती? उभा राहिलेला भाग २५.९५, पडलेला तिरका भाग ३०, बेरीज ५५.९५. मुलं नेहमी उभा भाग काढून थांबतात, पडलेला भाग मिळवायचा राहतो. सगळं इतकं छान बसत होतं की मी टाईप करायलाही लागले होते, "अगं पडलेला भाग मिळवला नाहीस."

पण ३० हा जरा जास्तच गोड आकडा होता. ६० अंशाच्या त्रिकोणात तिरकी बाजू पायाच्या दुप्पट असते, त्यामुळे १५ असलं की ३० आपोआप तयार होतं. पण ३० असंही एखाद्या गणितात दिलेलं असू शकतं ना, नुसती एक उंची म्हणून. उत्तर जुळलं म्हणजे गणित तेच, असं नसतं. मी लिहिलेलं पुसलं आणि म्हटलं, "गणिताची शेवटची ओळ जशीच्या तशी टाईप कर. आणि माणूस कुठे उभा आहे?"

बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं. मग आलं सगळं. रस्ता १५ मीटर रुंद आहे, एका बाजूला ३० मीटर उंच इमारत, तिच्या गच्चीवरून समोरच्या इमारतीच्या वरच्या टोकाकडे पाहिलं तर उन्नत कोन ६० अंश होतो, तर समोरच्या इमारतीची उंची काढा, √३ = १.७३.

झाड नव्हतंच.

उत्तर तेच, ५५.९५. मी झाडाची रीत पाठवली असती तर तिने उतरवून काढली असती, शेवटचा आकडा मागच्या पानाशी जुळला असता, ती आनंदाने झोपली असती, आणि उद्या वहीत रस्त्याच्या गणिताखाली मोडलेलं झाड सापडलं असतं. मात्र या सगळ्यात मला जे मनाला लागून राहिलं ते वेगळंच होतं. तिने मला ६० सांगितलं, १५ सांगितलं, ३० सांगितलंच नाही. का? लपवायचं थोडंच होतं! तिने ३० वापरलंच नव्हतं म्हणून. तिच्या लेखी ते गणितात नव्हतंच. जे तिच्या हिशेबात आलं तेवढंच तिला आठवलं आणि तेवढंच तिने मला दिलं. म्हणजे जी गोष्ट तिला अडली होती, नेमकी तीच तिच्या सांगण्यातून गळली होती. हे एकदा लक्षात आल्यावर मी जुने कितीतरी प्रसंग आठवत बसले. मुलं "सगळं दिलेलं वापरलं तरी येत नाही" म्हणतात तेव्हा त्यांच्या "सगळं" मध्ये काय नाहीये ते शोधायचं असतं. रिकामं गणित आणून देणारं मूल बऱ्याचदा आळशी नसतं हो, त्याच्या डोक्यात गणित तेवढंच उतरलेलं असतं.

याच्या बरोबर उलटंही होतं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला १९८० च्या सुमारास लहान मुलांना एक प्रश्न दिला होता, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कॅप्टनचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी हिशेब करून वय सांगितलं. तिथे आकडे होते आणि गणित नव्हतं, इथे गणित होतं आणि आकडा दिसला नव्हता. दोन्हीकडे मुलं आकड्यांकडे बघत होती, वाक्य वाचत नव्हती.

त्या रात्री मी तिला उत्तर दिलं नाही, एवढंच लिहिलं की उन्नत कोन जमिनीपासून मोजत नाहीत, बघणाऱ्याच्या डोळ्यातून जी आडवी रेघ जाते तिच्यापासून मोजतात, ती रेघ काढ आणि मग बघ. "हो हो" असं आलं, म्हणजे कळलं नव्हतं. सकाळी पाऊस उघडला होता, शाळेला निघायच्या आधी ती वर आली, वही घेऊन, केस अजून ओले. तिची आकृती बघितली. सुरेख आखलेली, पेन्सिलीला टोक काढून, आणि त्यात एकच इमारत. बघणारा रस्त्यावर उभा, १५ मीटर लांब, कोन ६०. ३० मीटरची इमारत आकृतीत नव्हतीच. तिने दुसरं वाक्य वाचलं आणि पहिलं सोडून दिलं असं झालं होतं.

मी तिला गच्चीवर नेलं. आमची बिल्डिंग जुनी, चार मजली, आणि कोथरूडमध्ये सध्या जिकडेतिकडे रिडेव्हलपमेंट चाललंय, त्यामुळे रस्त्याच्या पलीकडे आमच्या बरोबरीची जी बिल्डिंग होती तिथे आता टॉवर उभा राहतोय, हिरवी जाळी लावलेला. गच्ची अजून ओली होती, टाकीखाली पाणी साचलेलं. मी म्हटलं, कठड्याशी उभी राहा आणि मान अजिबात वर किंवा खाली न करता समोर बघ, काय दिसतं? ती म्हणाली, "जाळी." जाळीतून? "एक स्लॅब, त्यावर लाल पाइप ठेवलेत." म्हटलं तो स्लॅब तुझ्या डोळ्याच्या पातळीत आहे. तिथून खाली टॉवरचा जेवढा भाग आहे तो आपल्या बिल्डिंगएवढाच. आता मान वर कर, अगदी टोकापर्यंत. मान जेवढी वळली तो तुझा उन्नत कोन. तर तुझ्या टॅनने काय काढलंस? ती बघत राहिली, एकदा त्या लाल पाइपांकडे, एकदा वर, जिथे क्रेनचा दांडा ढगात गेला होता. मग म्हणाली, "पाइपाच्या वरचं." आणि खालचं? "खालचं आपल्याएवढं... अरे, म्हणजे ते ३०!" आणि वही कठड्यावर ठेवायला गेली, कठडा ओला, मी हात धरला.

तिने तिथेच उभ्याउभ्या नवी आकृती काढली, वेडीवाकडी. डावीकडे बुटकी इमारत, उजवीकडे उंच, डाव्या गच्चीवरून उजवीकडे आडवी रेघ, रेघेवर १५, रेघेच्या खाली ३०, वर प्रश्नचिन्ह. मला ती पहिल्या सुरेख आकृतीपेक्षा कितीतरी जास्त आवडली. मग तिने विचारलं की बघणाऱ्या माणसाची उंची नको का धरायला, आम्ही तर गच्चीच्या वर उभे आहोत. फार चांगला प्रश्न. गणितात माणसाची उंची दिलेली नसेल तर डोळा गच्चीच्याच पातळीला धरतात, दिलेली असेल, समजा दीड मीटर, तर आडवी रेघ तेवढी वर जाते आणि उत्तरात दीड वाढतात. फक्त तेवढेच. कारण रस्त्याची रुंदी आणि कोन बदलत नाहीत.

आणि उत्तर लिहायचं कसं, यावरून जाता जाता पुन्हा अडलं. तिच्या मैत्रिणीने ५५.९८ लिहिलं होतं, दुसरीने ३० + १५√३ असंच ठेवलं होतं, आणि रात्री ग्रुपवर यावरून वाद झाला होता म्हणे. तिघींचं गणित एकच आहे. √३ = १.७३ असं दिलंय याचा अर्थ उत्तर त्या किमतीने काढून ५५.९५ मीटर द्यायचं. दिलेलं नसेल तर वर्गमूळ तसंच ठेवलेलं उत्तर सगळ्यात खरं, कारण त्यात काहीच तोडलेलं नाही. ५५.९८ हे खऱ्या उंचीच्या जास्त जवळ आहे यात शंका नाही, पण मग वर लिहायला हवं की मी १.७३२ घेतलंय. हा मुद्दा मुलांना फालतू वाटतो, पण प्रश्नात उत्तराचं रूप दिलेलं असतं ते तपासणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला एकाच आकड्यावर भेटता यावं म्हणून.

तेव्हापासून मी मुलांकडे फोटो मागायचं कमी केलंय. फोटोत सगळं येतं हे खरं, पण मुलाला काय दिसलं नाही ते त्यात येत नाही, आणि मला तर तेच हवं असतं. त्यामुळे मी म्हणते व्हॉइस नोट पाठव, पुस्तक मिटून, तुझ्या शब्दांत गणित सांग. काय दिलंय, काय विचारलंय, कोण कुठे उभं आहे. सुरुवातीला मुलं वैतागतात. मग बोलता बोलता एका जागी आवाज अडखळतो, "आणि मग तो... थांबा काकू, बघून सांगते", आणि बऱ्याचदा पुढची नोट येतच नाही, येतो तो "झालं झालं" असा मेसेज. ज्यांचं नाही होत त्यांच्याकडून मी मग फोटो घेतेच, तो आणि व्हॉइस नोट शेजारी ठेवून बघते, काय गळलंय ते.

पण कधीकधी गणित खरंच अपुरं असतं, मुलाच्या डोक्यात नाही, कागदावरच. गेल्या आठवड्यात हीच मुलगी एक वर्कशीट घेऊन आली, झेरॉक्सची झेरॉक्स, खालची कड कापली गेलेली. दीपगृहाची उंची ५० मीटर, वरून दोन जहाजांचे अवनत कोन ३० आणि ४५ अंश, दोन जहाजांमधलं अंतर काढा, √३ = १.७३, आणि जहाजं एका बाजूला की दोन बाजूंना ती ओळच नाही. आकृतीचा वरचा शेंडा तेवढा दिसत होता. मैत्रिणींना विचारून झालं, सगळ्यांचा कागद तसाच. म्हटलं चल, मग दोन्ही करू. जवळचं जहाज ४५ चं, ते दीपगृहापासून ५० मीटरवर. लांबचं ३० चं, ते ५०√३ म्हणजे ८६.५ मीटरवर. इथपर्यंत दोन्हीकडे सारखंच. एकाच बाजूला असतील तर वजाबाकी, ३६.५ मीटर. विरुद्ध बाजूंना असतील तर बेरीज, १३६.५. कोन दोन वेगवेगळे आहेत यावरून बाजू कळत नाही, हे ती स्वतःच म्हणाली, आणि आकृत्या दोन काढल्या. मग विचारलं, "वर काय लिहू?" मी म्हटलं जे खरं आहे ते लिही. तिने लिहिलं, "जहाजे कोणत्या बाजूला आहेत ते कागदावर दिसत नाही, म्हणून दोन्ही उत्तरे दिली आहेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यात भेटली. म्हणाली, मॅडमनी वही बघून वर्गाला विचारलं, कोणाकोणाच्या कागदावर ती ओळ कापली गेलीय, तर जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. आणि ओळ नसताना तुम्ही सगळ्यांनी ३६.५ कसं काय लिहिलंत, यावर मॅडमनी उरलेला सगळा तास घेतला म्हणे.